रिकाम्या भिंतीची बाजू

आधी अंधार. मग वरून एक पिवळट दिवा उजळतो आणि त्याच्याखाली हळूहळू एक बार दिसू लागतो. मोडलेल्या खुर्च्या, उलटं पडलेलं टेबल, फरशीवर पसरलेलं रक्त. रक्त डब्यातलं आहे, गोडसर वासाचं, त्याला मुंग्या लागल्यात. दुसरा दिवा लागतो आणि कळतं की या बारला चौथी भिंतच नाही. तिथे वायरींची भेंडोळी आहेत, लोखंडी स्टँड आहेत, चहाचे कागदी पेले आहेत आणि पेल्यांमागे माणसं आहेत. पत्र्याच्या रिकाम्या गोदामात उभारलेला हा सिनेमाचा सेट. काउंटरच्या मागे, जमिनीला एक गुडघा टेकवून, कॅमेऱ्याला डोळा लावून एक बाई बसली आहे. पन्नाशीकडे झुकलेली, आखूड कापलेले केस, ओझी उचलून भरलेले खांदे. सगळा सेट तिला ताई म्हणतो. हीच आपली नायिका. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे पडद्यावर नेले, स्वतःचा कधी जाऊ दिला नाही. एकदाच गेला. तो कसा गेला, ते आता बघायचं.

त्या सकाळी तिच्या मनात एकच गोष्ट होती. धाकट्याला आज धड घरी न्यायचं.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. सिनेमात मार खाणं हा त्याचा धंदा. जिन्यावरून गडगडायचं, काचेतून आरपार जायचं, नायकाच्या एका ठोशात टेबलावरून पलीकडे पडायचं. इतक्या वर्षांत त्याने कधी कुणावर खराखुरा हात उचलला नव्हता आणि खरा फटकाही फारसा खाल्ला नव्हता, कारण या धंद्यातली सगळी करामत ठोसा न लागण्यातच असते. मूठ नाकासमोरून जाते, मान उलटी फिरते, आवाज मागाहून घालतात. पण या सिनेमाचा नायक वेगळा होता. दिवे लावणारी मंडळी त्याला पाठीमागे महाराज म्हणत. महाराजांचं म्हणणं असं, की खोटं मारलं तर चेहऱ्यावर खरा राग येत नाही. त्यामुळे गेले काही दिवस त्यांचा ठोसा बेतलेल्या जागेपेक्षा थोडा पुढे येऊन थांबत होता. कधी गालावर, कधी बरगडीवर.

कपडेपटाच्या पडद्यामागे ताई धाकट्याच्या छातीला पट्टा आवळत होती.

“श्वास घे.”

“घेतला.”

“खोटं बोलू नकोस. पोट हललंच नाही.”

“तू कॅमेऱ्यात बघ ना ताई. माझ्या पोटात काय बघतेस?”

“फाइट मास्टरांना सांगते मी.”

“सांग. उद्या माझ्या जागी दुसरा उभा राहील. त्याच्या बरगड्या काय रबराच्या आहेत?” त्याने शर्ट खाली ओढला. “आणि एवढं काय त्यात. घरी आपण फुकट खायचो. इथे निदान वर चहा मिळतो.”

तो हसला आणि हसताना कळ आली म्हणून मधेच थांबला. ताई हसली नाही. घरचं आठवलं की तिला हसू येत नसे.

त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं आणि मधे एक दार होतं. बाप ट्रकचे टायर बदलायचा. टायरच्या लोखंडी पट्टीवर ज्या ताकदीने उभा राहायचा तीच ताकद घरी घेऊन यायचा. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राही आणि ही दोन पोरं टेबलाखाली जात. टेबलाखालून जग खुर्च्यांच्या पायांमधून दिसतं. जवळचे पाय अस्पष्ट, मोठे, काळे. त्यांच्या फटीतून पलीकडे आईचा चेहरा, लख्ख आणि छोटा. तिच्या बाजूला नुसती भिंत आणि भिंतीच्या कडेला दार. पोरीने आईकडे बघत बसायचं नाही, हे लवकर शिकून घेतलं. आईकडे बघून काही कळत नसे. बघायचं त्या मोकळ्या भिंतीकडे, कारण हात यायचा तिकडूनच. भिंतीवर सावली हलली की ती भावाच्या मानेवर तळवा ठेवून हलकेच म्हणायची, “खाली.” तो फरशीला नाक लावायचा. वरून जे काही जायचं ते वरून जायचं. भांडं, पट्टा, एकदा तर अख्खी खुर्ची.

आई एका हिवाळ्यात गेली. बाप त्यानंतर फार जगला नाही आणि त्याच्यासाठी कुणी फार रडलंही नाही. पोरगी एका फोटो स्टुडिओत लागली. तिथे माणसाला पट्टीने मोजून मधोमध बसवायचं आणि फोटो काढायचा, ओळखपत्राला तसाच लागतो. तिने ते वर्षानुवर्षं केलं. पण मधोमध बसलेला माणूस बघताना तिला कधी काही वाटलं नाही. तो नुसता असतो, तिष्ठत. त्याला कुठून काही होण्याचा संभव नाही. पुढे भिंगांच्या पेट्या उचलत ती सिनेमात आली, पेट्या उचलता उचलता कॅमेऱ्याला डोळा लावू लागली, तेव्हा कुणीतरी चौकटीचे तीन उभे, तीन आडवे भाग करणाऱ्या रेघा दाखवल्या. म्हणाला, या रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या चार जागांपैकी एकीवर चेहरा ठेव आणि बाकी जागा मोकळी सोड. तिला वाटलं, हा माणूस आपल्या टेबलाखाली कधी येऊन गेला?

तर त्या सकाळचा प्रसंग. कथेत महाराजांचा नायक दारू पिऊन बारमधल्या एका गरीब वेटरवर विनाकारण तुटून पडतो. आतापर्यंत त्याच्या प्रेमात असलेल्या प्रेक्षकाला इथे पहिल्यांदा त्याची भीती वाटली पाहिजे. वेटर होता धाकटा. दिग्दर्शकाने ताईला सांगितलं होतं, की या एका प्रसंगात लोकांनी मारणाऱ्याकडे नाही, मार खाणाऱ्याकडे बघायला हवं. दिग्दर्शक बुद्धिमान होता, पण कुणी समोर उभं राहून काही विचारलं की तो म्हणायचा, “बघू.” सेटवर त्याचं नावच बघू पडलं होतं.

ताईने चौकट मांडायला घेतली. कॅमेरा काउंटरच्या मागे, बाटल्यांच्या उंचीवर, तिपाईवर घट्ट कसलेला. भिंग लांबचं आणि पूर्ण उघडलेलं, म्हणजे पुढचं-मागचं सगळं विरघळेल आणि एकाच अंतरावरचं काय ते स्पष्ट राहील. ते अंतर तिने धाकट्याच्या पायाखालच्या खडूच्या फुलीवर पक्कं केलं. धाकटा चौकटीच्या डाव्या तिसऱ्या भागात, भिंतीजवळ, डोळे वरच्या रेघेवर, तोंड उजवीकडे. त्याच्या गालावर दिव्याची एक पट्टी. उजवीकडचा सगळा भाग रिकामा. तिथे आरसा होता, तो काढायला लावला. दोन चित्रं होती, तीही काढली. खिळासुद्धा उपटून घेतला.

“भिंत अगदीच भुंडी दिसते हो ताई,” सजावटवाला कुरकुरला.

“दिसू दे. माणूस त्या भुंड्या जागेकडे बघून घाबरला पाहिजे. आरसा असला की लोक त्यात स्वतःचे केस बघतात.”

मग पुढचा थर. काउंटरच्या कडेवर, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात तिने बाटल्या लावल्या. भिंगातून त्या नुसत्या रंगाचे डाग होऊन जात. डावीकडे एक तपकिरी, मधे एक बुटकी, उजवीकडे एक उंच हिरवी. त्या डागांमधे जी खिडकी उरली तिच्यात धाकट्याचा चेहरा बरोबर बसला. हिरवी बाटली बोटभर सरकली तरी खिडकी फुटायची आणि नजर चेहऱ्यावरून घसरून उजवीकडे वाहून जायची. तिने ती सरकवून पाहिली, परत आणली, पुन्हा पाहिली. महाराजांसाठी उरली चौकटीची उजवी कड. तिथून त्यांचा खांदा आणि मूठ आत यायची, जवळून, काळी, अस्पष्ट.

फाइट मास्टर म्हातारा होता, नाक कधीतरी मोडून वाकडं झालेलं. त्याने महाराजांसकट सगळ्यांना काउंटरपाशी उभं केलं आणि बोट दाखवून समजावलं. धाकट्याच्या कोपराशी छोट्या टेबलावर जी बाटली आहे ती खोट्या काचेची. तीच उचलायची, तीच डोक्यात घालायची, हात लागताच तिचा चुरा होतो. खोट्या बाटल्या थोड्या, महाग आणि नाजूक, म्हणून काउंटरवरच्या सगळ्या खऱ्या काचेच्या आहेत, हलू नयेत म्हणून पाणी भरलेल्या. त्यांना कुणीही हात लावायचा नाही.

“कळलं का साहेब?”

“मी काय पाळण्यात आहे?” महाराज म्हणाले. मग मॉनिटरपाशी गेले, त्यात डोकावले आणि तिथेच उभे राहिले.

“यात मी कुठे आहे?”

बघूने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, “तुम्ही कडेला आहात साहेब.”

“हा धूर दिसतोय तो?”

“तो तुमचा खांदा.”

कुणीतरी मागे खोकलं. ते खोकणं नव्हतं.

“लोक तिकीट काढून माझा खांदा बघायला येतात का?”

“खांद्याला घाबरायला येतील,” ताई म्हणाली. “चेहरा दिसला की लोक माफ करतात साहेब. तुमचा तर लगेच करतील.”

स्तुती होती की टोमणा, ते महाराजांना पटकन कळेना. त्यांनी बघूला विचारलं, “मला मधे घेणार की नाही?”

“बघू,” बघू म्हणाला.

पहिला टेक झाला. महाराज आत आले आणि ठोसा धाकट्याच्या नाकावर बसला. लागला, खराच लागला, ताईला भिंगातून नाकाचं हाड सरकताना दिसलं. रक्त आलं, ते डब्यातल्यासारखं गोड लाल नव्हतं, काळपट होतं. धाकटा जागेवरून हलला नाही. त्याने ठरल्याप्रमाणे मान फिरवली, ठरल्याप्रमाणे घसरला. बघूने कट म्हटलं. महाराज म्हणाले, “बघा. आता कशी मजा आली.”

मास्टर पुढे सरसावला, पण धाकट्यानेच हात आडवा केला. नाकात बोळे घालत म्हणाला, “एकच टेक राहिलाय मास्टर. होऊन जाऊ दे.” मग काउंटरवरून वाकून ताईला म्हणाला, “चेहरा खिडकीत होता ना?”

“होता.”

“मग झालं तर.”

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि थांबवायला हवं होतं तिथे थांबवलं नाही. पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

दुसरा टेक. महाराज ओरडत आले, शिव्या संहितेतल्याच होत्या. त्यांनी खुर्ची लाथाडली, ती भिंतीवर आपटून तिचा पाय तुटला. मग धाकट्याचा गळा धरून त्याचं डोकं मागे भिंतीवर आदळलं. हे संहितेत नव्हतं. पत्रा घुमला. धाकट्याच्या तोंडातून लाल फेस आला. गळा सोडून ते मागे, पुन्हा कडेच्या धुरात सरले. आता ते टेबलावरची बाटली उचलणार होते. धाकट्याने डोळे मिटले आणि कानशील पुढे केलं, बाटली फुटताना डोळे उघडे ठेवायचे नसतात.

आणि ताईची नजर घसरली.

चेहऱ्यावरून सुटली आणि उजवीकडे त्या भुंड्या भिंतीवर वाहत गेली. खिडकी फुटली होती. हिरवा डाग नव्हता. आणि धाकट्याच्या कोपराशी, लख्ख, स्पष्ट, खोटी बाटली होती तिथेच उभी होती.

मग महाराजांच्या हातात काय होतं?

उजव्या कडेने काळी सावली वर उठली. ताई कट म्हणाली नाही. कट म्हणण्याचा हक्क बघूचा, आणि त्या आरडाओरड्यात कट कुणी ऐकलाही नसता. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, आणि तेही हलकेच, “खाली.”

टेबलाखालचा पोरगा अजून त्या दणकट देहात होता. त्याने विचार केला नाही, डोळे उघडले नाहीत, तो सरळ फरशीला नाक लावून पडला. हिरवी बाटली त्याच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर फुटली. पाणी उडालं, काचा उडाल्या आणि तुटलेला गळा महाराजांच्याच तळव्यात घुसला.

महाराजांनी हाताकडे पाहिलं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग ते वळले आणि काउंटरपाशी आले.

“टेक कुणी तोडला? कोण बोललं?”

“मी,” ताई म्हणाली. “बाटली खरी होती.”

त्यांनी काउंटरवरून हात घालून तिचे केस मुठीत धरले आणि तिला ओढलं. ती बाटल्यांवरून फरफटत पलीकडे आली. तपकिरी फुटली, बुटकी फुटली, पाणी आणि काचा तिच्या छातीखाली चरचरल्या. त्यांनी तिला भिंतीपर्यंत नेलं, त्या रिकाम्या भिंतीपर्यंत, आणि तिचं तोंड तिच्यावर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. तिची उजवी भुवई उकलली आणि डोळा रक्ताने भरला. सेट नुसता उभा होता. इतकी माणसं रोज मारामारी बघत होती, त्यामुळे खरी कोणती ते त्यांच्या अंगात उतरायला वेळ लागला.

उठला तो धाकटा. खोकत, फेस पुसत उठला आणि ज्याने जन्मात कुणाला मारलं नव्हतं त्याने महाराजांना मारलं. ठोसा कसा मारायचा हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं, फक्त नाकासमोर कुठे थांबवायचा तेवढं त्या क्षणी विसरलं. महाराज टेबलावर कोसळले. त्यांच्या पाठीखाली ती खोटी बाटली आली आणि तिचा, ठरल्याप्रमाणे, सुरेख चुरा झाला. धाकट्याने पुन्हा मूठ उचलली तेव्हा मास्टरने मागून त्याला कवळ घातली. “पुरे. पुरे रे. ताईकडे बघ.”

कॅमेरा चालूच होता.

महाराजांची माणसं धावली आणि लगेच सांगू लागली. बाई काउंटरवरून पडल्या. साहेब सावरायला गेले. स्टंटवाल्याचं डोकं फिरलं. ती माणसं चांगली सराईत होती, सांगता सांगता त्यांनाच ते खरं वाटू लागलं असावं. बघू मॉनिटरपाशी गेला आणि त्याने झालेला टेक सगळ्यांसमोर लावला.

सुरुवातीला महाराज म्हणजे कडेचा धूर होते. बाटली उचलणारा हात कुणाचा, तेसुद्धा धड सांगता आलं नसतं. ताईची चौकटच तशी होती. मग तिला ओढलं तेव्हा पुढचा बाटल्यांचा थर कोसळला आणि मधलं सगळं मोकळं झालं. आणि महाराज चालत गेले ते नेमके त्या अंतरावर, जिथे तिने खडूची फुली मारली होती. उजव्या तिसऱ्या भागात, लख्ख उजेडात, मागे एक खिळाही नसलेल्या भिंतीसमोर. त्यांचा चेहरा इतका स्पष्ट त्या सिनेमात दुसरीकडे कुठेही आला नव्हता. दात, कपाळाची शीर, मुठीतले केस, त्या केसांखाली जन्मात पहिल्यांदा पडद्यावर आलेला ताईचा चेहरा, सगळं. नजर दुसरीकडे न्यायची म्हटली तरी जायला जागाच नव्हती.

महाराज तळव्याला रुमाल गुंडाळून मागे उभे होते. ते म्हणाले, “पुसून टाक ते.”

बघूने त्यांच्याकडे पाहिलं. सगळा सेट त्याच्या तोंडातून तो शब्द येण्याची वाट बघत होता.

“नाही,” बघू म्हणाला.

मास्टर वाकडं नाक चोळत पुढे आला. “साहेब, तुमच्यासमोर यापुढे आमचा कुणी उभा राहणार नाही. मी सगळ्यांना सांगणार. तुम्ही एकटेच मारा, हवेत.” मग वळून ओरडला, “गाडी कुणी काढतंय का, की मी उचलून नेऊ दोघांना?”

दवाखान्याची खोली पांढरी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कॉट होत्या. धाकट्याच्या नाकावर पट्टी, छातीवर नवा पट्टा. बरगड्या दोन तडकल्या होत्या, मेंदूला काही नव्हतं. ताईच्या भुवईला टाके घातले आणि उजवा डोळा बांधला. डोळा वाचला होता, पण काही आठवडे एकाच डोळ्याने बघावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

“एका डोळ्याने पुढचं-मागचं अंतर कळत नाही हो,” त्या म्हणाल्या. “सगळं सपाट दिसतं. पेला धरायला जाल आणि हवा धराल. जिना उतरताना सांभाळा.”

“मी जन्मभर एका डोळ्यानेच बघते,” ताई म्हणाली. “अंतर मी मांडून घेते.”

डॉक्टरीणबाई गेल्या. धाकटा कॉटवरून उतरला आणि पाय ओढत तिच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, आता पोरासारखा ओठ चावत होता.

“मी मारलं त्याला,” तो म्हणाला. “हात उचलला मी. बाबासारखा.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. एका डोळ्यातून तो सपाट दिसत होता, मागच्या भिंतीला चिकटलेला, पायथ्याच्या दांड्यांमधे अगदी मधोमध. दार त्याच्या पाठीमागे झाकलं गेलं होतं. तिने हात उचलून बोटांनी खूण केली.

“बाबा दार अडवून उभा राहायचा. तू तसा उभा राहू नकोस. तिकडे खिडकीशी सरक, अजून थोडा, हां, आता तुझ्या तोंडावर उजेड आला. तिथेच बस. आणि दाराकडची बाजू मोकळी ठेव, कोण येतंय ते मी बघते.”